टेनिस बॉल स्पर्धेचं बजेट : बक्षीस सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न : आमच्या तालमीतर्फे जानेवारीत टेनिस बॉलची १६ संघांची नॉकआऊट स्पर्धा घ्यायची आहे, ८ ओव्हरच्या मॅच. प्रवेश फी ३,००० आणि बक्षिसं ५१,००० व ३१,००० असा विचार आहे. मैदान भाडं, अंपायर, ट्रॉफी सगळं धरून बजेट कसं बसवायचं? शेवटी पोरांना पदरचे घालायला लागू नयेत.

उत्तर :

या आकड्यांवर पोस्टर छापायला देऊ नका. १६ संघांची फी ४८,००० होते आणि नुसती दोन बक्षिसंच ८२,००० ची आहेत. पण खरी अडचण त्या फरकात नाही. तुमचं मैदान, अंपायर, मांडव, बॉल आणि ट्रॉफी यांचाच खर्च ४८,००० च्या वर जातो. म्हणजे फीमधून स्पर्धासुद्धा पूर्ण चालत नाही, बक्षीस तर लांबच. ज्या मंडळांना फायनलच्या दिवशी खिशात हात घालावा लागतो, त्यांच्यात बहुतेकांनी आधी बक्षीस जाहीर केलेलं असतं आणि मग खर्च मोजायला घेतलेला असतो. हिशोब उलट्या बाजूने धरायचा: आधी मॅच किती, मग दिवस किती, मग त्या दिवसांचा खर्च, मग हातात नक्की येणारे पैसे, आणि जे उरेल त्यावर बक्षीस.

खालचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्हाला जे कोटेशन मिळेल ते त्या जागी घाला. दर बदलले तरी हिशोबाची रीत तीच राहते.

दिवस मोजा, संघ नंतर

नॉकआऊटमध्ये जितके संघ त्यापेक्षा एक मॅच कमी, म्हणजे १६ संघांना १५ मॅच: ८, मग ४, मग २ आणि फायनल. टेनिस बॉलच्या एका ओव्हरला सव्वाचार मिनिटं धरा. नियमाने कमी लागतात, पण बॉल कुंपणापलीकडे जातो, बॅट्समन ग्लोव्ह्ज बदलतो, फिल्डिंग लावताना कॅप्टन दोन मिनिटं घेतो. ८ ओव्हरची इनिंग त्यामुळे ३४ मिनिटांची होते. दोन इनिंगच्या ६८ मिनिटांत मधला ब्रेक आणि टॉसपासून पहिल्या बॉलपर्यंतचा वेळ मिळवला की एक मॅच ८५ मिनिटांची. सकाळी साडेआठला सुरू करून सहापर्यंत ५७० मिनिटं मिळतात. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि त्याआधीच बॉल दिसायचा कमी होतो, म्हणून सहाच्या पुढे काहीही धरू नका. या वेळात सहा मॅच बसतात. पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन आणि चार क्वार्टर फायनल, तिसऱ्या दिवशी तीन. म्हणजे तीन दिवस.

आता तीच स्पर्धा ६ ओव्हरची करा. इनिंग २६ मिनिटांची, दोन इनिंगची ५२, ब्रेक आणि टॉस धरून मॅच ७० मिनिटांची. पहिल्या दिवशी आठ मॅच ५६० मिनिटांत, म्हणजे पाच वाजून पन्नास मिनिटांपर्यंत संपतात. दुसऱ्या दिवशी चार क्वार्टर, दोन सेमी आणि फायनल. त्यात फायनल ८ ओव्हरची ठेवली, तिला ९० मिनिटं दिली आणि बक्षीस समारंभाला ४० मिनिटं ठेवली तरी एकूण ५५० होतात. शनिवार-रविवारात स्पर्धा पूर्ण.

हा तिसरा दिवस वाचवणं हा तुमच्या बजेटमधला सगळ्यात मोठा निर्णय आहे. एका जादा दिवसाचा खर्च बघा: मैदान भाडं ४,०००, तीन अंपायर ४,५००, स्कोअरर १,०००, मांडव-खुर्च्या-साउंड ३,५००, कॉमेंट्री १,०००, चहा-पाणी-जेवण २,५००. हे झाले १६,५००. म्हणजे ३,००० फी भरणारे साडेपाच संघ फक्त त्या एका दिवसापायी खर्ची पडतात, आणि तेही फक्त तीन मॅचसाठी.

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बरीच मंडळं याच ठिकाणी फसतात. टेनिस बॉल स्पर्धेचा खर्च संघांवर चालत नाही, दिवसांवर चालतो. एक संघ कमी आला तर तुमची एक मॅच कमी होते. वाचतं काय? दोन नवे बॉल आणि एक मॅन ऑफ द मॅचची छोटी ट्रॉफी, मिळून तीनशे रुपये. मैदान, मांडव, अंपायर दिवसाच्या हिशोबाने तेवढेच लागतात. उत्पन्न मात्र पूर्ण ३,००० ने घटतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. स्पर्धेची हवा झाली की चार संघ जादा घ्यायचा मोह होतो. २० संघ म्हणजे १९ मॅच, त्या दोन दिवसांत बसत नाहीत. चार संघांचे १२,००० आले आणि तिसऱ्या दिवसाचे १६,५०० गेले. एकच, सतरावा संघ घेतला तरी दुसऱ्या दिवशी आठ मॅच पडतात आणि समारंभ धरून सात वाजायला येतात. फायनल अंधारात. म्हणून दोन दिवसांच्या ६ ओव्हरच्या स्पर्धेला १६ हाच वरचा आकडा समजा. सतरावा संघ कितीही ओळखीतला असला तरी त्याला पुढच्या वर्षीचं सांगा.

हे वेळापत्रक घट्ट आहे, त्यात सांडायला जागा नाही. प्रत्येक मॅच आठ मिनिटं लांबली तर आठव्या मॅचपर्यंत तासाभराचा उशीर होतो. त्यामुळे फॉर्मवरच लिहून सही घ्या: दिलेल्या वेळेला अकरा खेळाडू हजर नसतील तर पहिल्या दहा मिनिटांनंतर एक ओव्हर कट, वीस मिनिटांनंतर वॉकओव्हर. आणि पुढच्या मॅचच्या दोन्ही कॅप्टनांना आधीच्या मॅचची दुसरी इनिंग सुरू झाली की टेबलाजवळ बोलावून टॉस उरकून टाका. यात प्रत्येक मॅचला पाच-सात मिनिटं वाचतात, बाकी कुठल्याही युक्तीने एवढी वाचत नाहीत.

तारीख धरताना शाहू स्टेडियमवरचं फुटबॉलचं वेळापत्रक आधी बघून घ्या. पेठेतली बरीच पोरं दोन्हीकडे असतात. मोठ्या सामन्याच्या दिवशी तुमच्या मैदानावर प्रेक्षकही नसतील आणि अर्ध्या संघांचे अकरासुद्धा जमणार नाहीत.

मैदान

महापालिकेचं मैदान असो की शाळा-कॉलेजचं, तोंडी 'घ्या की' वर स्पर्धा ठरवू नका. अर्जावर तारीख, वेळ आणि कशासाठी हे लिहून मंजुरीचं पत्र घ्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांचे क्रीडामहोत्सव आणि स्नेहसंमेलनं असतात. ऐनवेळी मैदान जातं ते त्यामुळे, आणि पत्र हातात नसेल तर तुम्ही काहीही बोलू शकत नाही.

भाडं विचारताना नुसतं 'दिवसाला किती' एवढंच विचारून थांबू नका. त्यात पाणी, वीज जोडणी, रोलर आणि स्वच्छतागृह येतं का? आदल्या दिवशी दुपारी खेळपट्टी करायला मैदान मिळेल का, की त्याचं अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं? स्पीकरची परवानगी कोणी काढायची? या प्रश्नांच्या उत्तरांवर दोन-तीन हजारांचा फरक पडतो. आपण भाडं ४,००० प्रमाणे दोन दिवसांचं ८,००० धरू आणि खेळपट्टीवर पाणी-रोलिंग, फक्की, बाउंड्रीची झेंडी-दोरी आणि शेवटची साफसफाई यांना ४,०००.

अनामत रक्कम खर्चात धरायची नाही, पण ती हातातल्या रोखीत धरायलाच लागते, कारण ती स्पर्धेआधी जाते आणि स्पर्धा संपून काही दिवसांनी परत येते. ती कापली जाते बहुधा दोन कारणांनी: मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे आणि कचरा. आदल्या दिवशी मैदानाचे चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि मांडववाल्याला खेळपट्टीच्या आसपास खुंटी मारू देऊ नका.

अंपायर : इथे काटकसर करू नका

अंपायरचे पैसे दोन पद्धतीने ठरतात, मॅचमागे किंवा दिवसाला. दोन दिवसांत पंधरा मॅच असतील तर दिवसाचा दर सोपा आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतो. पण दोनच अंपायर बोलावू नका. आठ मॅच सलग उभं राहणं म्हणजे नऊ तासांच्या वर उन्हात. दुपारनंतर वाइड आणि रनआऊटचे निर्णय चुकायला लागतात आणि नेमक्या त्याच वेळी मॅच महत्त्वाच्या होत गेलेल्या असतात. तीन अंपायर घ्या. दोघं आत, तिसरा टेबलावर. प्रत्येक मॅचनंतर एकाची बदली. म्हणजे दिवसात एकेकाच्या वाट्याला पाच-सहा मॅच येतात. टेबलावरचा अंपायर रिकामा बसत नाही. तो घड्याळ बघतो, टॉस करून घेतो आणि कागदावरचा खेळाडू आणि मैदानातला खेळाडू एकच आहे का ते पाहतो.

१,५०० प्रमाणे तिघांचे दोन दिवसांचे ९,००० आणि स्कोअररचे २,०००, मिळून ११,०००. स्कोअर मोबाइल ॲपवर ठेवला तरी सोबत कागदी स्कोअरशीट असू द्या. फोन बंद पडला की 'किती बॉल राहिले' यावरून सुरू झालेली हुज्जत मिटवायला दुसरा कुठलाही पुरावा नसतो.

काही ठिकाणी हरलेल्या संघाचे दोघं पुढच्या मॅचला अंपायर म्हणून उभे करतात. यात नऊ हजार वाचल्यासारखे दिसतात. पण शेजारच्या गल्लीच्या मॅचमध्ये एका एलबीडब्ल्यूवरून वीस मिनिटं खेळ थांबला की तुमचं अख्खं वेळापत्रक कोसळतं. (टेनिस बॉलमध्ये एलबीडब्ल्यू ठेवायचाच नाही, हा नियम फॉर्मवर छापणं सगळ्यात चांगलं.) अंपायर शक्यतो स्पर्धेत संघ नसलेल्या भागातले घ्या आणि त्यांचं मानधन फायनल सुरू होण्याआधी पाकिटात घालून द्या. समारंभाच्या गर्दीत त्यांना कोणाची तरी वाट बघत उभं राहायला लागणं बरं दिसत नाही.

हरकत फी ठेवणार असाल, समजा ५०० रुपये, तर ती उत्पन्नात धरू नका. हरकत मान्य झाली तर ती परत द्यायची असते.

ट्रॉफी

ट्रॉफीचं बजेट बिघडतं ते किमतीमुळे कमी, संख्येमुळे जास्त. आधी यादी करा. विजेता आणि उपविजेता, सेमीत हरलेले दोन, मालिकावीर, उत्कृष्ट फलंदाज, गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक, शिवाय पंधरा मॅचचे पंधरा सामनावीर. एकूण तेवीस. ट्रॉफीचा दर उंचीवर आणि ती धातूची, फायबरची की लाकडी बेसची यावर ठरतो. विजेत्याला २,५००, उपविजेत्याला १,८००, सेमीच्या दोन ७०० प्रमाणे १,४००, वैयक्तिक चार ४०० प्रमाणे १,६००, सामनावीराच्या पंधरा १५० प्रमाणे २,२५०. बेरीज ९,५५०.

सामनावीराच्या पट्टीवर तारीख किंवा वर्ष छापू नका, फक्त स्पर्धेचं नाव आणि 'सामनावीर' एवढंच. बाय किंवा वॉकओव्हरमुळे दोन-तीन ट्रॉफी उरतात, त्या पुढच्या वर्षी चालतात. बाकी पट्ट्यांचा मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका, आणि छापण्याआधी त्याचा फोटो मागवून बघा. दात्याचं किंवा 'यांच्या स्मरणार्थ' मधलं नाव चुकलं तर ती ट्रॉफी स्टेजवर देता येत नाही. ऑर्डर निदान दोन आठवडे आधी द्या.

सगळा खर्च एका ठिकाणी

मैदान भाडं, दोन दिवस : ८,०००
खेळपट्टी, फक्की, साफसफाई : ४,०००
अंपायर आणि स्कोअरर : ११,०००
बॉल, ४ डझन, ७५ प्रमाणे : ३,६००
मांडव, खुर्च्या, साउंड : ९,०००
कॉमेंट्री : २,०००
बॅनर, फॉर्म, पोस्टर : ३,०००
चहा, पाणी, जेवण : ५,०००
प्रथमोपचार आणि गाडी : २,०००
सत्कार : ३,०००
ट्रॉफी : ९,५५०
एकूण : ६०,१५०
वरखर्चाला सुमारे १० टक्के : ६,०००
बक्षिसाशिवाय खर्च : ६६,१५०

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं बोलायला हवं. बॉल : प्रत्येक इनिंगला नवा म्हणजे तीस लागतात, उरलेले अठरा हरवण्या-फुटण्यासाठी. मैदानाच्या एका बाजूला घरं किंवा ओढा असेल तर पाच डझन घ्या. सगळे बॉल एकाच कंपनीचे आणि एकाच वजनाचे आणा. मध्येच हलका बॉल आला की पहिली तक्रार बॉलिंग करणाऱ्या संघाची येते आणि ती रास्त असते.

सत्कार : ही ओळ बजेटमध्ये कोणी लिहीत नाही आणि शेवटी तीच हाताबाहेर जाते. उद्घाटनाला चार पाहुणे ठरतात, प्रत्यक्षात दहा स्टेजवर येतात, आणि कोल्हापुरात पाहुणा म्हटला की शाल-श्रीफळासोबत फेटा आलाच. कोणाला फेटा, कोणाला नुसतं गुलाबाचं फूल, याची नावानिशी यादी आदल्या रात्री करा आणि यादी एकाच माणसाकडे द्या. ३,००० च्या वर एक रुपया नाही, हे बैठकीत ठरवून टाका.

हातात येणारे पैसे

फीचा हिशोब १६ संघांवर नाही, १४ वर करा. नावनोंदणी सोळांची होते, दोघं शेवटच्या आठवड्यात 'पोरं जमत नाहीत' म्हणतात. हे टाळायचा एकच उपाय कामी येतो: लॉट्स पाडण्याच्या तारखेच्या आत पूर्ण फी भरणाऱ्या संघाचीच चिठ्ठी डब्यात टाकायची. 'अर्धी आत्ता, अर्धी मैदानावर' हा प्रकार मुळीच ठेवू नका. पहिल्याच मॅचला हरलेला संघ उरलेली अर्धी देत नाही. लॉट्स स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी पाडा, म्हणजे एखादी जागा रिकामी राहिली तर प्रतीक्षेतल्या संघाला विचारायला वेळ राहतो. १४ च संघ राहिले तर १३ मॅच आणि पहिल्या फेरीत दोन बाय, दिवस दोनच.

३,००० फीने १४ संघांचे ४२,००० येतात. ६६,१५० च्या खर्चापुढे २४,१५० ची तूट. फी ३,५०० करा. १२-१३ पोरांच्या संघाला माणशी चाळीसएक रुपयांचा फरक पडतो, तेवढ्याने संघ मागे फिरत नाही. तो फिरतो अंपायर आणि वेळापत्रकाचा भरवसा नसला तर. आता फीचे ४९,००० झाले.

पुढे ट्रॉफी. ट्रॉफीला दाता मिळवणं सगळ्यात सोपं, कारण त्याला वस्तू दिसते आणि त्यावर नाव राहतं. पेठेतलं एखादं दुकान किंवा वडिलांच्या स्मरणार्थ देणारं घर पूर्ण ९,५५० उचलतं किंवा दोघांत वाटून घेतं. दात्याने ट्रॉफी परस्पर आणून दिल्या तरी वहीत त्या दोन्ही बाजूंना लिहा, जमेलाही आणि खर्चालाही. नाहीतर पुढच्या वर्षी वही उघडल्यावर ट्रॉफीला खर्चच आला नव्हता असं दिसतं आणि बजेट तिथेच चुकतं.

ट्रॉफी वजा केल्यावर खर्च ५६,६०० राहतो. फी ४९,०००. तूट ७,६००. बाउंड्रीवर पाच बॅनर ३,००० प्रमाणे विकले की १५,००० येतात आणि ७,४०० शिल्लक पडतात. बॅनर छापून लावायचा खर्च जाहिरातदाराचा, हे आधीच स्पष्ट करा. तुमच्यावर पडला तर ३,००० मधले चांगले पैसे तिथेच जातील.

म्हणजे इथपर्यंत स्पर्धा स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि बक्षिसासाठी तुमच्याकडे आहेत ७,४००. हा आकडा कमी वाटेल, पण हाच खरा आहे.

आता बक्षीस

५१,००० आणि ३१,००० द्यायचे असतील तर ८२,००० मधून ७,४०० वजा जाता ७४,६०० रुपये बक्षीस-प्रायोजकांकडून यायला हवेत. 'देतो की' म्हणालेले नाहीत, खात्यावर जमा झालेले. पोस्टर छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी खात्यावर जेवढं असेल तेवढ्याचंच बक्षीस छापा. हा एकच नियम पाळला तर पदरचे घालायची वेळ येत नाही.

पैसे तेवढे जमले नाहीत तर खाली या. ३१,००० आणि २१,००० साठी ४४,६०० पुरतात. २१,००० आणि ११,००० साठी २४,६००. माझं मत विचाराल तर ६ ओव्हरच्या, दोन दिवसांच्या स्पर्धेला ३१,००० पहिलं बक्षीस पुरे. ३,५०० फीच्या जवळजवळ नऊपट होतं आणि संघ त्यासाठी जीव तोडून खेळतात. बक्षीस ५१,००० च्या घरात गेलं की बाहेरगावाहून खेळाडू आणले जातात, आणि त्याबरोबर हरकती, ओळखपत्रांचे वाद आणि अंपायरवरचा दबाव येतो. तो सांभाळायची तयारी असेल तरच तिकडे जा. त्यासाठी पंधरा जणांची यादी आधार कार्डाच्या प्रतींसह लॉट्सच्या दिवशीच घ्या आणि नंतर एकही नाव बदलू देऊ नका.

एक प्रायोजक शेवटच्या क्षणी मागे सरला तर काय, हे आधी ठरवा. प्रत्येक बक्षिसाला वेगळा प्रायोजक धरण्यापेक्षा सगळे पैसे एका बक्षीस निधीत घ्या आणि त्यातून दोन्ही बक्षिसं द्या. नाहीतर दुसऱ्या क्रमांकाचं पाकीट जाड आणि पहिल्याचं अजून 'येतंय', असा प्रसंग स्टेजवर उभा राहतो.

'१६ संघ पूर्ण झाल्यास' असं बारीक अक्षरात छापून मोठा आकडा लावायची पद्धत आहे. ती वापरू नका. मैदानावर कोणी बारीक अक्षर वाचलेलं नसतं, आणि जिंकलेल्या संघाला कमी पैसे देणारं मंडळ पेठांपेठांत त्या नावाने ओळखलं जातं. उलट करा. कमी आकडा छापा. १६ संघ आले तर जादाचे ७,००० येतात, त्यातून सेमीत हरलेल्या दोघांना २,०००-२,००० जाहीर करा आणि उरलेले ३,००० वरखर्चाला ठेवा.

जानेवारीत पाऊस क्वचित, पण तारीख ढकलत एप्रिल-मेमध्ये गेली तर दुपारनंतरचा वळीव धरायलाच हवा. त्या दिवसांत एक राखीव दिवस मैदानाच्या पत्रात लिहून घ्या. तो वापरावा लागला तर वर काढलेला जादा दिवसाचा खर्च लागू होतो, आणि ६,००० चा वरखर्च त्याला पुरत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या स्पर्धेला वरखर्च १६-१७ हजार धरा आणि बक्षीस तेवढं उतरवा. फायनल होऊच शकली नाही तर पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसाची बेरीज करून निम्मी-निम्मी, म्हणजे ३१,००० आणि २१,००० असतील तर दोघांना २६,०००, हे फॉर्मवर छापलेलं असू द्या.

रोख कधी लागते

बजेट कागदावर जुळलं तरी हातात पैसे नसतात, कारण खर्च आधी होतो आणि फी नंतर येते. लॉट्सच्या आधी तुम्हाला मैदान भाडं ८,०००, अनामत समजा ५,०००, ट्रॉफीचा निम्मा ॲडव्हान्स ४,८००, पोस्टर-फॉर्म ३,००० आणि बॉल ३,६०० द्यावे लागतात. एकूण २४,४००. दात्याचे आणि बॅनरचे पैसे म्हणूनच सगळ्यात आधी गोळा करायचे, फीच्या मागे लागण्याच्याही आधी. दोघांचे मिळून २४,५५० होतात, ते या खर्चाला जेमतेम पुरतात. एखाद्या बॅनरचे पैसे अडले तर तेवढे त्या दिवसापुरते मंडळाच्या वर्गणीतून उसने घ्या आणि वहीत 'उसने' म्हणूनच लिहा.

पैसे घेणारा एक आणि देणारा दुसरा ठेवा. फी मंडळाच्या खात्याच्या क्यूआरवरच घ्या, कोणाच्या खासगी नंबरवर नाही, आणि रोख घेतली तर नंबर असलेल्या पावतीवर. मांडववाला आणि साउंडवाला यांना अर्धे आधी, अर्धे सामान उतरवून नेल्यावर. बक्षिसाची पाकिटं फायनलच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून मोजून भरा, त्यावर रक्कम लिहा आणि मैदानावर आणेपर्यंत त्यातली नोट कशालाही काढू नका. सोमवारी मैदानाच्या ऑफिसात जाऊन अनामत परत मागायचा अर्ज द्या. ते पैसे हातात आल्यावरच वही बंद करून बैठकीत वाचून दाखवा.